हप्ता तोच, घर महाग

"व्याजदर उतरला की टिळकवाडीतल्या फ्लॅटचा भाव का चढतो? आणि त्यानं लोकांचा खर्च कसा वाढतो?"

महिना 25,000 चा हप्ता झेपणाऱ्याला 20 वर्षांसाठी 9 टक्क्यांनी साधारण 27.8 लाख कर्ज बसतं, 8 टक्क्यांनी 29.9 लाख. हे जादा दोन लाख सगळ्याच गिऱ्हाइकांकडे येतात, फ्लॅट मात्र लगेच वाढत नाहीत. मग विकणारा भाव ताणतोच! शेअरचंही तसंच: व्याज उतरलं की पुढच्या नफ्याचं आजचं मोल वाढतं, म्हणून भाव चढतो.

खर्च वाढतो तो मालकाचा: घर आहे म्हणून बचतीत ढिलाई, नाहीतर घर तारण ठेवून लेकीचं लग्न. पण आमचं खानापूरकडचं वडिलोपार्जित घर पाच भावांच्या नावावर आहे. भाव दुप्पट झाला तरी पाचांच्या सह्यांशिवाय बँक दारात उभं करत नाही. आणि घर घ्यायला निघालेला भाडेकरू? तो उलट हात आखडतो.