व्हाउचिंग आणि व्हेरिफिकेशन: खर्चाचं नक्की काय करायचं?

बीकॉम तिसरं वर्ष: आमच्या पुस्तकात व्हाउचिंगला 'प्रमाणन' आणि व्हेरिफिकेशनला 'सत्यापन' म्हटलंय. चाचणीत प्रश्न आला, 'खर्चाचं सत्यापन कसं कराल?' मी लिहिलं, व्हाउचर बघून. अर्धेच गुण मिळाले. दोन्हीकडे व्हाउचरच बघायचं, तर शब्द दोन कशाला?

टिकमार्क: सोपं आहे. व्हाउचर आहे का ते बघणं व्हाउचिंग, आणि ते खरं आहे का ते बघणं व्हेरिफिकेशन.

जुना आर्टिकल: नाही हो टिकमार्क, 'व्हाउचर आहे' एवढ्यावर टिक मारली तर ते व्हाउचिंगच नव्हे. खरेपणा त्यातच येतो. समजा कीर्दीत नोंद आहे, ५ मार्च, वीजबिल, रोख ३,४६० रुपये. व्हाउचरवर नंबर, तारीख, आकडी आणि अक्षरी रक्कम, मालकाची सही, सगळं जागच्या जागी. मागे टाचलेलं बिल उलटून बघितलं तर ते दुकानाच्या नव्हे, मालकाच्या घरच्या मीटरचं. पैसे गेलेत, बिलही खोटं नाही, पण खर्च दुकानाचा नाही. तो मालकाच्या उचल खात्यात जायला हवा. व्हाउचर आपल्याच ऑफिसात फाडलेलं असतं, म्हणजे घरचा साक्षीदार. म्हणून मागचं बाहेरून आलेलं बिल वाचायचं असतं.

शब्दवेडा: 'साक्षीदार' अगदी बरोबर! 'व्हाउच' शब्दाच्या मुळाशी साक्षीला बोलावणं हाच अर्थ आहे. 'प्रमाणन' मात्र मला खटकतं. सिनेमाला सर्टिफिकेट देणाऱ्या मंडळाच्या नावातही 'प्रमाणन'च आहे. एका शब्दावर दोन ओझी.

सोसायटीचा खजिनदार: आमच्याकडे प्लंबर बिलच देत नाही. ८०० रुपये दिले, व्हाउचरवर त्याची सही घेतली. ऑडिटरने तरी शेरा मारला. हे व्हाउचिंग की व्हेरिफिकेशन?

जुना आर्टिकल: व्हाउचिंग. नुसतं 'प्लंबिंग काम' लिहिलं असेल तर शेरा येणारच. कुठल्या विंगची कुठली पाइप, कोणी काम बघितलं, कोणी मंजूर केलं, हे त्याच व्हाउचरवर लिहा. किरकोळ रकमेला बरेच ऑडिटर तेवढं मानतात.

सोसायटीचा खजिनदार: आमचे नाही मानत.

पुणेरी पाहुणा: व्हेरिफिकेशन म्हणजे पासपोर्टच्या वेळी पोलीस घरी येतात तेच ना?

जुना आर्टिकल: हसू नका, फार लांब नाही ते. अर्जावरचा माणूस आज त्या पत्त्यावर राहतो का, हे ते बघतात. आपल्याकडे ताळेबंदातली रक्कम ३१ मार्चला खरोखर आहे का, हे बघायचं. म्हणून सत्यापन मुख्यतः मालमत्ता आणि देण्यांचं असतं.

बीकॉम तिसरं वर्ष: मग खर्चाचं सत्यापन असा प्रश्नच चुकला ना?

जुना आर्टिकल: शब्द सैल आहे, पण खर्चाची शेपटी ताळेबंदात जाते. १ ऑक्टोबरला गोडाऊनमधल्या मालाचा वर्षभराचा विमा काढला, हप्ता २४,००० रुपये. व्हाउचर, पॉलिसी, बँकेतली नोंद, सगळं जुळलं. व्हाउचिंग झालं. पण ३१ मार्चला सहाच महिने सरलेत. उरलेले १२,००० रुपये 'आगाऊ दिलेला विमा' म्हणून ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला. आता समज, फेब्रुवारीत गोडाऊन सोडलं आणि पॉलिसी रद्द केली. ऑक्टोबरचं व्हाउचर अजूनही निर्दोष आहे, पण ते १२,००० आता आगाऊ विमा राहिलेच नाहीत. फार तर विमा कंपनीकडून काही परतावा येणं असेल. पॉलिसी चालू आहे का, हे विचारणं म्हणजे सत्यापन.

टिकमार्क: आणि न दिलेला खर्च? त्याचं तर पेमेंट व्हाउचरच नसतं.

जुना आर्टिकल: हे बोललात! नोंदीवरून कागदाकडे गेलं की नसलेली नोंद सापडतच नाही. म्हणून एप्रिलची व्हाउचरं चाळायची. ८ एप्रिलला मार्चचं भाडं दिलंय आणि ३१ मार्चच्या देण्यांत ते नाही, म्हणजे खर्च कमी दाखवलाय.

शब्दवेडा: मग व्हाउचिंगला 'पुरावा-तपासणी' म्हणा. कोणालाही कळेल.

टिकमार्क: पेपरात 'प्रमाणन' येतं, ऑफिसात सगळे 'व्हाउचिंगला बसलोय' म्हणतात. तिसरा शब्द कोण पाठ करणार?

बीकॉम तिसरं वर्ष: एक राहिलं. 'यंत्र दुरुस्ती १८,०००' असं व्हाउचर आहे, मागच्या बिलात लिहिलंय 'नवी मोटर बसवली'. हे खर्चात ठेवायचं की यंत्रात मिळवायचं?

जुना आर्टिकल: जुनी मोटर जळाली म्हणून तशीच दुसरी बसवली, की जास्त ताकदीची? एवढ्या बिलावरून नाही सांगता येणार. कारखान्यात जाऊन मोटरवरची पट्टी वाच, मग बोलू.