मदत हवी आहे: १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून मीटरवर २,९६० एमएएचच दिसतात

खटपट्या
१४ महिने रोज वापरात असलेली पॉवर बँक आहे. पूर्वी फोन साधारण दीड वेळा भरायचा, आता सव्वा वेळा भरतो. फोनची बॅटरी ५,००० एमएएचची आहे. पॉवर बँक आणि केबल यांच्यामध्ये टाइप-सी मीटर लावून पूर्ण भरलेली पॉवर बँक रिकामी केली, तर आकडा आला २,९६०. एवढी घसरण होऊ शकते का? शिवाय चार्ज होताना पोर्टकडचं टोक चांगलंच तापतं.

उंबरठा
घसरण कसली, ती पहिल्यापासूनच तेवढी असणार. खोक्यावर लिहिलेले दहा हजार कधीच मिळत नाहीत. सरळ फसवणूक आहे.

तारयंत्र
उंबरठा, मिळत नाहीत हे बरोबर, पण दरवेळी ती फसवणूक नसते. दहा हजार हा आतल्या सेलचा आकडा, तोही ३.७ व्होल्टवरचा. म्हणजे ३७ वॅट-अवर. बाहेर ५ व्होल्ट द्यायचे तर व्होल्टेज चढवावं लागतं आणि त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते.

खटपट्या, मीटरवर व्होल्ट किती दिसत होते? आणि वॅट-अवरचा आकडा किती? पॉवर बँकेच्या मागे बारीक अक्षरांत "रेटेड" म्हणून काय छापलंय तेही सांगा.

खटपट्या
जवळजवळ पूर्ण वेळ ९ व्होल्ट होते. वॅट-अवर २६.६. मागे ६,५०० एमएएच, ५ व्होल्ट २ अँपिअर असं छापलंय.

तारयंत्र
मग २,९६० चं कोडं सुटलं. फास्ट चार्जिंगला व्होल्टेज ९ वर गेलं, म्हणून तेवढ्याच ऊर्जेला एमएएच कमी दिसले. २,९६० गुणिले ९ केलं की तुमचे २६.६ वॅट-अवरच येतात. एमएएच विसरा, वॅट-अवर बघा.

नवी असताना ६,५०० गुणिले ५ म्हणजे ३२.५ वॅट-अवर मिळायला हवेत. तुम्हाला ८२ टक्के मिळाले. पण ही तुलना अजून सरळ नाही. फोन भरत आला की करंट कमी करतो, आणि करंट फारच उतरला की पॉवर बँक स्वतःच बंद होते, आत चार्ज शिल्लक असला तरी. फोनऐवजी साधा इलेक्ट्रॉनिक लोड लावा. तो फास्ट चार्जिंग मागत नाही, त्यामुळे ५ व्होल्टच राहतात. २ अँपिअरवर ठेवा, पॉवर बँक बंद होईपर्यंत चालू द्या आणि शेजारी बसून राहा. जाड, आखूड केबल घ्या.

मोरपंखी
माझा चार्जरही असाच तापतो, आणि रात्री बारीक गुणगुणतो. बदलावा का?

तारयंत्र
मोरपंखी, तो वेगळा विषय, वेगळा धागा काढा. तोवर एवढंच बघा: फोन लावलेला नसतानाही चार्जर गरम राहत असेल किंवा पिनजवळचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर तो वापरू नका.

खटपट्या
लोड लावून केलं. पावणेतीन तासांच्या जरा वर चाललं, २८.१ वॅट-अवर आले.

तारयंत्र
म्हणजे ८६ टक्के. १४ महिने रोजच्या वापराला अगदी ठीक. पूर्वीच्या दीड आणि आताच्या सव्वाशीही मेळ बसतो, कारण दीडचे ८६ टक्के म्हणजे साधारण सव्वाच.

आता तापण्याचं. पोर्टकडच्या टोकाला सर्किट असतं, तिथे उष्णता येणारच. सेल असतात त्या मधल्या भागावर हात ठेवून बघा. चार्जिंग संपून तासभर झाल्यावरही तो भाग कोमट लागला तर लक्षण चांगलं नाही. आणि काचेवर दोन्ही बाजूंनी ठेवून बघा, डुगडुगते का.

खटपट्या
मधला भाग गार आहे. पण एका बाजूने ठेवली की किंचित डुगडुगते. त्याच बाजूच्या शिवणीत, मध्यावर, कागदाची कड दोनेक मिलिमीटर आत जाते. टोकांना जात नाही.

उंबरठा
क्लिप सुटली असेल. दाबून बसवा, वर रबर बँड लावा. क्षमता ८६ टक्के आहे ना, मग फेकायची कशाला?

तारयंत्र
दाबू नका! क्लिप सुटते तेव्हा फट बहुतेक वेळा कोपऱ्यापासून सुरू होते. फक्त मध्यावर फट आणि तीच बाजू डुगडुगणारी, म्हणजे आतला पाऊच सेल वायू धरून फुगतोय असंच मी धरेन. दाबलं तर आतले थर एकमेकांना टेकून शॉर्ट होऊ शकतात. सेल फुगला तरी क्षमता बरीच शिल्लक असू शकते, त्यामुळे ८६ च्या आकड्यावर विसंबू नका.

चाचणीमुळे आत्ता ती रिकामी आहे, ते बरंच झालं. पुन्हा चार्ज करू नका, उघडू नका, पोर्टांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. तोवर लाकूड-कापडापासून लांब, फरशीवर ठेवा.

खटपट्या
शिवण पहिल्यापासूनच अशी होती का, ते आठवत नाही. पण पट्टी लावली.