मदत हवी आहे: फाशीच्या शिक्षेवरचा निबंध, दोन्ही बाजू कशा बसवायच्या?

वही_कोरी
फाशीची शिक्षा या विषयावर निबंध लिहायचाय. नुसतं भाषण नको, दोन्ही बाजू हव्यात असं बजावून सांगितलंय. माझ्याकडे दोन मुद्दे आहेत. एक, फाशीने खून कमी होत नाहीत हे अभ्यासांनी सिद्ध झालंय. दोन, फाशी दिलेल्यांपैकी चार टक्के लोक निर्दोष असतात. पण हे दोन्ही एकाच बाजूचे झाले, मग समतोल कुठून आणू? 'एका फाशीमागे आठ जीव वाचतात' असं एक वाक्य सापडलंय, पण ते घातलं की माझा पहिला मुद्दाच खोटा ठरतो. कुणीतरी आराखडा द्या, घाई आहे. शोधून बघ म्हणू नका, तेच करत बसलोय.

दिनू मास्तर
शब्दमर्यादा किती? शेवटी स्वतःचं मत द्यायचंय की नाही? प्रश्न जसाच्या तसा इथे लिही बघू.

वही_कोरी
हजारेक शब्द. प्रश्न सांगितला की वर.

आडमुठा
यात दोन बाजू कसल्या आल्या? ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला जाऊन विचारा. आकडे गोळा करणाऱ्यांच्या घरी असं काही झालेलं नसतं.

रेवा
आडमुठा, तुम्ही म्हणताय तो न्यायाचा मुद्दा आहे, आणि तो महत्त्वाचाही आहे. पण त्याला धाक बसण्या-न बसण्याशी देणंघेणं नाही. धाक शून्य असला तरी 'त्याला हेच भोगायला हवं' असं म्हणता येतं. धागाकर्त्याने तो आणखी आत घुसवला तर हजार शब्दांत काहीच धड होणार नाही.

तर्कट
सोपं आहे. कॅनडाने १९७६ मध्ये फाशी रद्द केली, त्यानंतर तिथलं खुनांचं प्रमाण वाढलं तर नाहीच, उलट उतरत गेलं. धाकाचा मुद्दा निकालात. एका परिच्छेदात संपव आणि पुढे जा.

मीनल_क
तर्कट, माहिती बरोबर आहे, पण त्यातून तो निष्कर्ष निघत नाही. कॅनडाच्या आलेखाशेजारी अमेरिकेचा ठेवून बघा. दोन्ही रेषा कित्येक दशकं जवळपास एकत्र वर-खाली होतात, आणि अमेरिकेने त्याच १९७६ मध्ये फाशी पुन्हा सुरू केली होती. एका देशाने काढली, दुसऱ्याने आणली, तरी चाल तीच. म्हणजे खुनांचं प्रमाण दुसऱ्याच कशाने तरी हलतंय. त्या गोंगाटात फाशीचा लहानसा परिणाम असेल तर तो दिसणारही नाही.

वही_कोरी, तुझे दोन्ही मुद्दे जसे लिहिलेस तसे चुकीचे आहेत. गंमत म्हणजे ते नीट मांडलेस तर समतोल आपोआप येईल.

आधी धाक. तो आठ जिवांचा आकडा आयझॅक अर्लिक या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७५ च्या लेखातला आहे. त्याने अमेरिकेची १९३३ ते १९६९ ची आकडेवारी घेऊन दरवर्षी एक फाशी जास्त दिली तर सात-आठ खून टळत असावेत असा अंदाज काढला. इतरांनी तेच गणित पुन्हा करताना १९६० च्या दशकातली शेवटची काही वर्षं वगळून पाहिली, आणि परिणाम गायब झाला. त्या वर्षांत फाशी जवळपास थांबली होती आणि त्याच वेळी सगळ्याच प्रकारची गुन्हेगारी वाढत होती. सगळा भार त्या योगायोगावर होता. पुढे २००० नंतर नवे अभ्यास आले. एकात एका फाशीमागे अठरा जीव वाचतात असंही निघालं. तेही मोजण्याची पद्धत थोडी बदलली की ढासळले.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने हे सगळे अभ्यास तपासले. निष्कर्ष असा की फाशीने खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यातलं काहीही या अभ्यासांवरून सांगता येत नाही, आणि धोरण ठरवताना ते वापरू नयेत. कारणं दोन. फाशीची तुलना कशाशी, तर ती नसती तर मिळाली असती त्या दीर्घ कैदेशी व्हायला हवी, ती कुणी धड केलेली नाही. आणि खून करू पाहणाऱ्याच्या मनात फाशीची शक्यता किती असते, याबद्दल सगळ्यांनी मनाला येईल ते गृहीत धरलंय.

तेव्हा 'धाक बसत नाही हे सिद्ध झालंय' हे वाक्य त्या अहवालाच्या जोरावर लिहिता येत नाही. त्याने दोन्ही बाजूंचा आधार काढून घेतलाय.

तर्कट
'माहीत नाही' असं लिहून निबंध होतो का? तपासणाऱ्याला वाटेल अभ्यासच केला नाही.

प्रा. गुळगुळीत
माझं ऐका, मी वादविवाद स्पर्धा गाजवल्या आहेत. प्रस्तावना, तीन मुद्दे बाजूने, तीन विरुद्ध, समारोप. मोजून सारखे शब्द. आजवर कधी फसलेलं नाही.

रेवा
सर, त्याने यादी तयार होते, वाद होत नाही. विरुद्ध बाजूचे तीन मुद्दे शेवटी वाचणाऱ्याला पहिल्या तिनांशी ते कसे भिडतात हे कळतच नाही. मुद्दागणिक दोन्ही बाजू घ्याव्यात.

प्रा. गुळगुळीत
मुद्दागणिक घेतलं की लेखकाची भूमिका पेंडुलमसारखी हलत राहते. पण तुमची मर्जी.

दिनू मास्तर
वही_कोरी, प्रश्नाचे नेमके शब्द अजून दिलेले नाहीत.

वही_कोरी
घ्या. 'फाशीची शिक्षा चालू ठेवावी का? धाकाबद्दलचे पुरावे आणि निर्दोष व्यक्तीला शिक्षा होण्याचा धोका यांच्या आधारे आपली भूमिका मांडा. विरोधी भूमिकेला न्याय द्या.' उद्या द्यायचाय.

दिनू मास्तर
हे पहिल्याच वेळी दिलं असतंस तर अर्धा धागा वाचला असता. 'आपली भूमिका मांडा' म्हटलंय. म्हणजे कुंपणावर बसायचं नाहीये. दोन्ही बाजूंना सारखे शब्द द्या असं कुणी म्हटलेलंच नाही.

वही_कोरी
बरं. चार टक्क्यांचं काय चुकलं ते राहिलं.

मीनल_क
तो २०१४ चा सॅम्युअल ग्रॉस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. त्यांनी अमेरिकेत १९७३ ते २००४ या काळात फाशी *सुनावलेले* लोक घेतले. फाशी *दिलेले* नव्हेत. त्यातले १.६ टक्के प्रत्यक्षात निर्दोष ठरून सुटले होते. मग त्यांनी वैद्यकीय संशोधनातली पद्धत वापरून विचारलं की सगळेच कैदी फाशीच्या छायेत कायम राहिले असते आणि त्यांचे खटले तपासले जात राहिले असते, तर किती जण निर्दोष ठरले असते? उत्तर आलं, किमान ४.१ टक्के. शंका असलेल्यांची शिक्षा बहुधा आधीच जन्मठेपेत बदलते, त्यामुळे प्रत्यक्ष फाशी गेलेल्यांत निर्दोषांचं प्रमाण याहून कमी असणार, असं ते स्वतःच मानतात.

आणि इथे फाशीच्या समर्थकाला एक चांगला मुद्दा मिळतो, तो जरूर दे. फाशी टळून जन्मठेप झाली की कैद्याच्या खटल्याकडे वकिलांचं लक्ष कमी होतं आणि निर्दोष सुटण्याची शक्यता घसरते, हे त्याच अभ्यासात दिसतं. म्हणजे फाशी काढली की निर्दोषांचा प्रश्न सुटला असं नाही, ते तुरुंगात विसरले जाऊ शकतात. याला उत्तर आहे, जिवंत माणसाला सोडता तरी येतं. पण हे उत्तर तू द्यायला हवंस, वाचणाऱ्यावर सोपवू नकोस.

आडमुठा
जन्मठेपवाला बाहेर येऊन पुन्हा खून करतो त्याचं काय? त्याचा टक्का कुणी काढत नाही.

रेवा
तो धोका खरा आहे. पण तो धाकाचा नाही, त्याच माणसाला रोखण्याचा प्रश्न आहे. आणि जन्मठेप म्हणजे नेमकी किती वर्षं, यावर सगळं अवलंबून. ते देशागणिक वेगळं.

वही_कोरी
सगळं कळलं, पण धाक एका परिच्छेदात आणि निर्दोष दुसऱ्या परिच्छेदात असंच होतंय. दोघांचा एकमेकांशी संबंध काय?

मीनल_क
हाच निबंधाचा सांधा. शिक्षा लवकर आणि हमखास होणार असेल तर धाक बसतो, हा जुना सिद्धान्त आहे. चूक मात्र उशिरा सापडते. दोन्ही एकाच घड्याळावर चालतात, उलट दिशांना.

टिमथी इव्हान्सचं उदाहरण घे. लंडनमध्ये राहणारा हा माणूस १९४९ च्या नोव्हेंबरअखेर वेल्समध्ये पोलिसांकडे गेला. त्याची बायको आणि तान्ही मुलगी दोघींचा खून झाला होता, त्यातल्या मुलीच्या खुनासाठी त्याच्यावर खटला चालला आणि मार्च १९५० मध्ये तो फासावर गेला. चार महिनेसुद्धा नाहीत. सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार होता त्याच घरात राहणारा जॉन क्रिस्टी. १९५३ मध्ये त्या घरात आणखी बायकांची प्रेतं सापडली, आणि क्रिस्टीने इव्हान्सच्या बायकोलाही आपणच मारल्याचं कबूल केलं. इव्हान्सला माफी मिळाली १९६६ मध्ये, मेल्यानंतर सोळा वर्षांनी.

आता हीच केस दोन्ही बाजूंनी वाच. धाकाचा सिद्धान्त मागतो तशी झटपट शिक्षा इथे झाली, आणि खरं बाहेर यायला लागलेली तीन वर्षं इव्हान्सला मिळाली नाहीत. उलट अपिलांना दहा-पंधरा वर्षं दिली तर चुका सापडतात, पण मग गुन्हा करणाऱ्याच्या मनात ती शिक्षा इतकी लांबची आणि अनिश्चित होते की धाकाचा दावा आणखी कमजोर पडतो. दोन्ही एकदम मिळवण्याचा मार्ग समर्थकाने दाखवायला हवा.

दिनू मास्तर
एक जपून. एका केसवरून 'असं नेहमी होतं' लिहू नकोस. इव्हान्स चूक *कशी* होते ते दाखवतो, *किती वेळा* ते ग्रॉसचा अभ्यास सांगतो. आणि पहिल्या परिच्छेदात भूमिका घे. लगेच दुसऱ्यात विरोधी बाजूचं सगळ्यात ताकदवान रूप मांड: धाक खरा असेल, तर फाशी न देणं म्हणजे कुणा अनोळखी निरपराधाचा जीव घालवणं. सन्स्टीन आणि वर्म्यूल या दोन कायदेपंडितांनी २००५ मध्ये हेच म्हटलं. ते 'जर' किती टिकतं हे तिसऱ्यात, तिथे २०१२ चा अहवाल. मग मीनलताईंचा सांधा, मग ४.१ आणि जन्मठेपेचा प्रतिवाद.

तर्कट
आणि शेवटी? धाक माहीत नाही, चूक माहीत आहे, म्हणून फाशी नको. असंच ना?

मीनल_क
मी तसंच लिहीन. जीव घ्यायचाय त्याने आधी फायदा दाखवावा.

आडमुठा
का म्हणून? मी म्हणतो, जे रद्द करायला निघालेत त्यांनी दाखवावं की रद्द केल्याने एकही जीव जास्त जाणार नाही. तुम्हालाही ते दाखवता येत नाही. तुम्हीच म्हणालात ना, काहीच सांगता येत नाही.

रेवा
हा आडमुठांचा या धाग्यातला पहिला मुद्दा आहे ज्याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही.

दिनू मास्तर
उत्तर नसलं तरी निबंधात घे. शेवटच्या परिच्छेदात हाच आक्षेप लिही आणि पुराव्याचा भार तू कुणावर टाकतोस आणि का, ते दोन वाक्यांत सांग.

वही_कोरी
पहिलं वाक्य असं चालेल? 'फाशीचा धाक बसतो हे सिद्ध झालेले नाही, मात्र निर्दोषाला फाशी सुनावली जाऊ शकते हे दिसून आले आहे, म्हणून ही शिक्षा चालू ठेवू नये.'

मीनल_क
'बसतो की नाही हे सिद्ध झालेले नाही' असं कर.

प्रा. गुळगुळीत
समारोपात एखादं सुभाषित टाक. हवं असेल तर माझ्याकडे फाशीवर दोन तयार आहेत.