अण्णांचं डीएचईए-एस फार कमी आलंय, गोळी सुरू करावी का? (सोलापूर)

वैशाली_जुळेसोलापूर
नमस्कार. आमचे अण्णा ७२ वर्षांचे. सगळी नोकरी चादरीच्या कारखान्यात झाली, आता घरीच असतात. दिवाळीनंतर फार गळून गेलेत. जेवण जात नाही, सकाळी कॉटवरून उठलं की चक्कर येते, संध्याकाळचं फिरणंही बंद झालंय. चुलत भावाने 'फुल बॉडी'चं पॅकेज करायला लावलं. बाकी बरंच ठीक आहे, पण डीएचईए-एस १४ आलं आणि पुढे लाल बाण. नॉर्मल म्हणून ८० ते ५६० छापलंय. रक्त न्यायला आलेला मुलगा म्हणाला, हे तारुण्याचं हार्मोन, याची गोळी मिळते. कोणती घ्यावी? महिन्याला हजाराच्या आत बसली पाहिजे.

आजोबा_विजापूररोड
ताई, माझं वय ७०. मुलगा अमेरिकेतून ५० मिलिग्रॅमची बाटली आणतो. तिकडे चिठ्ठीबिठ्ठी लागत नाही, दुकानात फळीवर ठेवलेली असते. मी रोज सकाळी सिद्धेश्वर तळ्याला चालत चक्कर मारतो, माझ्या बरोबरीचे रिक्षाने येतात. इथं मागवली तर तीनेक हजार पडतील, पण तब्येतीपुढे पैशाचं काय?

मेडिकलवाला_नवीपेठ
हे हार्मोन अॅड्रिनल ग्रंथीत तयार होतं. विशी-पंचविशीत सगळ्यात जास्त, मग दरवर्षी थोडं थोडं उतरतं आणि सत्तरीत दहा-वीस टक्केच उरतं. जे कमी झालंय ते बाहेरून द्यायचं, साधा हिशोब आहे. २५ ची स्ट्रिप आमच्याकडे असते, बजेटमध्ये बसेल.

स्नेहल_होटगीरोड
मला हीच गोळी दिली होती, २५ ची, दिवसातून तीनदा! बीजं कमी म्हणून आयव्हीएफच्या आधी. काकांना नक्की कशासाठी देताय? मला तरी चेहऱ्यावर पुरळ सोडून काही हाती लागलं नाही.

अक्कलकोटकर
माझ्या आईला (६६) कुणीतरी 'ताकदीचं' म्हणून दिली. काही महिन्यांत हनुवटीवर राठ केस, केस तेलकट, कपाळावर फोड. बंद केल्यावर फोड गेले, हनुवटीचे केस गेले नाहीत. बायकांनी या वाटेला जाऊच नये.

आजोबा_विजापूररोड
मला काही झालं नाही.

अक्कलकोटकर
तुम्ही पुरुष आहात की ओ. तुमच्यात पुरुषी हार्मोन आधीच भरपूर आहे, जरा भर पडली तर दिसणार काय? प्रोस्टेटचं तेवढं बघून घ्या.

सातरस्ता_डॉक्टर
मी मेडिसिनचा डॉक्टर, आता निवृत्त. मेडिकलवाल्यांनी उतरणीचं सांगितलं ते बरोबर, त्यापुढचा हिशोब चुकीचा. वयाबरोबर ग्रंथीचा फक्त हे हार्मोन करणारा आतला थर झिजतो. कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, करणारा थर म्हातारपणीही आपलं काम करत असतो. त्यामुळे नुसतं डीएचईए-एस उतरणं हा आजार नाही. आजारी, अशक्त म्हाताऱ्यांत ते आणखी कमी सापडतं हे खरं, पण त्यामुळेच ते आजारी पडले असं त्यातून निघत नाही.

भरून काढून पाहिलेलंही आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लोकांनी कमी डीएचईए असलेल्या वृद्धांना दोन वर्षं गोळी दिली, पुरुषांना ७५ आणि बायकांना ५०. निष्कर्ष २००६ साली छापून आले. रक्तातला आकडा तरुणांसारखा झाला, पण स्नायूंची ताकद, चरबी, साखर, रोजचं बरं वाटणं, कशातच फरक नाही. हाडांत किंचित भर, तीही सगळीकडे नाही. त्याआधी २००० साली फ्रान्समध्ये २८० जणांना वर्षभर रोज ५० मिलिग्रॅम दिलं होतं. तिथे सत्तरीपुढच्या बायकांची त्वचा आणि कामेच्छा थोडी सुधारली, पुरुषांना विशेष काही नाही.

आता अण्णांचं. ८० ते ५६० ही रेंज तरुणांची आहे. पासष्ट ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषांत, किटप्रमाणे थोडं मागेपुढे, साधारण ३० ते २५० धरतात. पन्नास-साठ आलं असतं तर मी म्हटलं असतं, रिपोर्ट कपाटात ठेवा. पण १४ हे त्यांच्या वयालाही कमी आहे, आणि तुम्ही सांगताय ती लक्षणं मला आवडलेली नाहीत. एकच विचारतो: गुडघ्यासाठी, दम्यासाठी कुठली गोळी, पंप, पुडी घेत होते का?

फिटनेस_शेळगी
अश्वगंधा द्या! ३०० चे दोन, दुधातून. तिने डीएचईए-एस वाढतं असा अभ्यास आहे. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही.

सातरस्ता_डॉक्टर
आकडा वाढतो असं लहान अभ्यासांत दिसलंय. पण माणसाला काय मिळालं? आणि अश्वगंधेने लिव्हर बिघडल्याच्याही नोंदी आहेत. वैशालीताई, माझ्या प्रश्नाचं सांगा.

वैशाली_जुळेसोलापूर
काका, गुडघ्यासाठी बाजारातून एक पुडी आणत होते, दीडेक वर्ष. जादूसारखा फरक पडायचा, भूकही सडकून लागायची. चेहरा गोल झाला होता, आम्हाला वाटलं तब्येत सुधारली. पुड्या देणारा दिवाळीत गावी गेला तो आलाच नाही, तेव्हापासून बंद.

सातरस्ता_डॉक्टर
मला हीच भीती होती. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की मेंदूकडून ग्रंथीला जाणारा हुकूमच थांबतो, ग्रंथी निजते. पुडी एकदम बंद झाली आणि ग्रंथी अजून जागी नाही, म्हणून भूक गेली आणि उठताना चक्कर येतेय. डीएचईए-एस १४ ही त्याचीच खूण असू शकते.

उद्या सकाळी आठला, पुन्हा कुठली पुडी न देता, कॉर्टिसोल करा. वेळ पाळा, कारण कॉर्टिसोल सकाळी चढतं आणि दुपारी उतरतं. डीएचईए-एस मात्र दिवसभर जवळजवळ सारखंच असतं. कॉर्टिसोल पाचच्या खाली आलं तर ग्रंथी झोपलेलीच, दहाच्या वर आलं तर चिंता नको, मधलं आलं तर पुढची तपासणी. उलट्या, ताप किंवा गुंगी आली तर आकड्याची वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि पुडीचं आधी सांगा.

मेडिकलवाला_नवीपेठ
पुडीत स्टेरॉइडच असेल कशावरून? गुडघ्याची गोळीही कुटून घालतात.

सातरस्ता_डॉक्टर
असू शकते. पण वेदनाशामकाने चेहरा गोल होत नाही. म्हणूनच तपासायला सांगतोय.

आजोबा_विजापूररोड
पुण्याला घेऊन जा, इथं कोण बघणार.

स्नेहल_होटगीरोड
हार्मोनचे डॉक्टर सोलापुरातही आहेत काका, मी तिथेच दाखवते.

वैशाली_जुळेसोलापूर
अपडेट. कॉर्टिसोल ३.८ आलं. इथल्याच डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलं, सकाळी मोठा डोस, दुपारी लहान. ताप आला तर दुप्पट, कधीही एकदम बंद नाही, असं चिठ्ठीवर लिहून दिलंय. औषध हजाराच्या आतच बसतंय. अण्णा चौथ्या दिवशी भाकरी मागून खायला लागले.

डीएचईए नको असं डॉक्टर म्हणाले. पण मी वाचलं की ग्रंथी निकामी झालेल्या बायकांना ५० ने बरं वाटलं होतं, आणि चुलत भावाने बाटली आणूनही ठेवलीय. अण्णांची प्रोस्टेटची पीएसए तपासणी नॉर्मल आहे. तीन महिने २५ देऊन बघायचं आम्ही घरात ठरवलंय.

सातरस्ता_डॉक्टर
तो अभ्यास १९९९ चा, फक्त चोवीस बायकांवरचा. पुरुषांना तो लागू करता येत नाही. मी दिलं नसतं. स्टेरॉइडने निजलेल्या ग्रंथीचं कॉर्टिसोल आधी सावरतं, डीएचईए-एस मागाहून फार हळू येतं, कधी पूर्ण येतही नाही, आणि त्यावाचून अडत नाही. द्यायचंच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. नाहीतर उद्या बरं वाटलं तर कशाने वाटलं हे त्यांनाही कळणार नाही.

फिटनेस_शेळगी
ती पुडी कुठल्या बाजारात मिळायची? माझी आजीही गुडघ्याला तसलीच घेते, विचारायला हवं.

वैशाली_जुळेसोलापूर
मेसेज करते. पण एकदम बंद करू नका हं, आधी दाखवा.