विषय: परतीच्या वाटेत मुलगी दोन वर्षांची होते, तिकीट कोणतं काढू?

स्नेहल

नमस्कार मंडळी,

आमची मुलगी १४ मार्चला दोन वर्षांची होईल. जायचं २० फेब्रुवारीला, तेव्हा ती मांडीवरच बसेल. गोंधळ परतीचा आहे. पहिलं विमान १३ मार्चला रात्री १०.४० ला सुटतं आणि दुसरं, मधल्या विमानतळावरून, १४ मार्चला पहाटे ३.१५ ला. एका वेबसाइटवर तिची जन्मतारीख टाकली की ती मांडीवरचं तिकीट देतच नाही, जाता-येता दोन्हीकडे सीट घ्या म्हणते. दुसऱ्या वेबसाइटवर त्याच तारखांना मांडीवरचं तिकीट बिनतक्रार मिळतंय, तेही जाण्यायेण्याचं. स्वस्त म्हणून तेच घ्यावं का? आमची तिकिटंही अजून काढलेली नाहीत.

प्रशांत

स्नेहल, खुशाल घ्या. वय प्रवास सुरू होतो त्या दिवशीचं धरतात. आमचा मोठा गेल्या सुट्टीत तिकडे असतानाच बारा वर्षांचा झाला, तरी लहान मुलाच्याच तिकिटावर परत आला. काउंटरवर कुणी एक शब्द विचारला नाही.

मंदाकाकू

अगं स्नेहल, मांडीवर घेणार असशील तर पुढच्या भिंतीजवळची जागा आणि पाळणा आधीच मागून ठेव. माझ्या नातवाच्या वेळी सुनेने उशिरा फोन केला आणि पाळणे संपले होते. रात्रभर बिचारी अवघडून बसली.

सुलभाताई

स्नेहल, ते स्वस्त तिकीट घेऊ नकोस. मी बरीच वर्षं तिकीट काउंटरवर काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रशांत, तुम्ही म्हणता ते भाड्यापुरतं बऱ्याच कंपन्यांमध्ये खरं आहे. पण तुमच्या मुलाला जातानाही सीट होती आणि येतानाही, त्यामुळे बारा पूर्ण झाल्याने विमानात काहीच बदललं नाही. दोन वर्षांचं तसं नाही. तिथे मांडी सुटते आणि सीट लागते, आणि हा प्रश्न भाड्याचा नसून सुरक्षेचा आहे. अमेरिकेच्या नियमात दुसरा वाढदिवस अजून न झालेल्या मुलालाच मोठ्या माणसाने धरून बसायची परवानगी आहे. इतर बहुतेक देशांतही रेघ तिथेच ओढलेली आहे. वाढदिवसाच्या दिवशी मूल दोन वर्षांचंच धरतात. जन्म रात्रीचा की पहाटेचा, जन्मगावी आत्ता किती वाजले, हे कुणी पाहत नाही. पासपोर्टवरची तारीख आणि त्या विमानतळावरची सुटण्याची तारीख, एवढंच पाहतात.

म्हणून प्रत्येक विमान वेगळं धरायचं. २० फेब्रुवारीची दोन्ही विमानं मांडीवर. १३ तारखेचं रात्रीचंही नियमाने मांडीवर चालेल, कारण सुटताना ती दोनच्या आत आहे. पण १४ तारखेच्या ३.१५ च्या विमानात तिला सीट हवीच.

दुसऱ्या वेबसाइटने फक्त निघण्याच्या दिवसाचं वय मोजलं असणार. तसं तिकीट निघतं, पैसेही कापले जातात, आणि अडचण परतीच्या चेक-इनला उभी राहते. पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास निघत नाही, सीट त्या दिवशीच्या भावाने घ्यावी लागते, आणि विमान भरलेलं असेल तर पैसे असूनही सीट नसते. आपल्या तिकिटात हा घोळ आहे का, हे ई-तिकिटावरच दिसतं. मुलीच्या नावापुढे `INF` आणि परतीच्या विमानांपुढे `NS` असेल, तर तिच्यासाठी सीट धरलेली नाही. भाड्याच्या कोडच्या शेवटी `IN90` दिसलं तरी अर्थ तोच, मोठ्यांच्या भाड्यावर नव्वद टक्के सूट. `CH25` म्हणजे मुलाचं भाडं, पंचवीस टक्के सूट. अर्थात ही सूट प्रत्येक कंपनी देतेच असं नाही.

आता उपाय. एका तिकिटावर प्रवाशाचा प्रकार सहसा एकच असतो. अर्ध्या वाटेपर्यंत तान्हं आणि पुढे मूल असं तिकीट वेबसाइटवर निघत नाही. म्हणून तिचीच तिकिटं दोन करायची: जातानाचं एकेरी, मांडीवरचं, आणि येतानाचं एकेरी, सीटसह. तुम्हा दोघांचं जाण्यायेण्याचं तिकीट तसंच राहू द्या, ते तोडायची गरज नाही. आणि येतानाची दोन्ही विमानं मात्र एकाच तिकिटावर, दोन्हीकडे सीटसह घे. १३ तारखेच्या विमानात पैसे वाचवायला तिथेही तोडलंस, तर पहिलं विमान उशिरा पोचल्यावर तुमची व्यवस्था एका तिकिटावर आणि तिची दुसऱ्यावर होईल. रात्री दोन वाजता परक्या विमानतळावर हे निस्तरणं फार वाईट.

मंदाकाकूंचा सल्ला जातानासाठी चांगला आहे. पण पाळण्याला वजनाची मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी दहा-अकरा किलोच्या आसपास, आणि या वयाचं मूल लांबीलाही पुरत नाही. आधी विचारून घे.

स्नेहल

सुलभाताई, मनापासून आभार. दोन शंका आहेत. दोन एकेरी तिकिटं महाग पडणार नाहीत का? आणि मुलीचं एकटीचं येतानाचं तिकीट काढायला गेले, तर वेबसाइट मोठा माणूस सोबत हवा म्हणून अडते.

सुलभाताई

पडू शकतात, म्हणून आकडे मांडून बघ. समजा तुझं जाण्यायेण्याचं भाडं १०० आहे आणि एकेरी ७०. मुलीला जाताना त्याचे दहा टक्के, ७. येताना ७० चे पंचाहत्तर टक्के, साडेबावन्न. बेरीज साडेएकोणसाठ. जाण्यायेण्याचं मुलाचं तिकीट ७५ ला पडतं, म्हणजे तोडणं फायद्याचं. पण काही मार्गांवर एकेरीचं भाडंही १०० च असतं. मग तोडून १० आणि ७५ मिळून ८५ होतात. तिथे सरळ ७५ चं घ्यावं, जातानाही सीट मिळते. कर यात धरलेले नाहीत, ते वेगळे मोज. एवढ्या लांबच्या प्रवासात दोनला टेकलेल्या मुलाला मांडीवर घेणं सोपं नसतं. फरक थोडा असेल तर मी सीटच घेईन.

वेबसाइट अडणारच, मूल एकटं प्रवास करत नाही असं ती गृहीत धरते. कंपनीला फोन कर किंवा एजंटकडून काढ. तुमचा बुकिंग क्रमांक देऊन तिचं बुकिंग त्याला जोडायला सांग, आणि सीट तुमच्याशेजारी तेव्हाच ठरवून घे. विमान दुसऱ्याच कंपनीचं असेल तर तेही त्याच फोनवर विचार. तिकीट कुणीही विकलेलं असो, विमान चालवणाऱ्यांचा सीटचा नियम दारात लागू होतो.

गिरीश

मध्येच विचारतो, माफ करा. आमचं विमान वाढदिवसाच्या आदल्या रात्री ११.५० ला आहे. तासभर उशीर झाला तर मुलगा दारातच दोन वर्षांचा होईल. मग?

प्रशांत

तिकिटावरची तारीखच धरतील हो. उशीर त्यांच्यामुळे, भुर्दंड तुम्हाला कसा लावतील?

सुलभाताई

पैशांपुरतं प्रशांतचं म्हणणं मला पटतं, आणि बहुतेक ठिकाणी वेळापत्रकातली तारीखच धरतात. पण सुरक्षेचा नियम वेळापत्रक पाहत नाही, वाढदिवस पाहतो. दारातला माणूस त्यावर बोट ठेवू शकतो. गिरीश, कंपनीकडून लेखी उत्तर मागा, ते बुकिंगच्या नोंदीत टाकायला सांगा आणि छापून जवळ ठेवा. विमानात शेजारची सीट रिकामी राहिली तर बहुधा वाद होणारच नाही. भरलं तर काय करतील, ते त्यांनाच आधी विचारा.

गिरीश

विचारलं होतं. फोनवर एकाने चालेल म्हटलं, दुसऱ्याने नाही. आज ईमेल पाठवतो, उत्तर आलं की इथे टाकतो.