पोरानं सांगितलं, आपण लिहिलं: शिक्षक दिनाच्या चिठ्ठीचे अनुभव सांगा

सेलूची आई
पोट्टी केजी वनला आहे. ग्रुपवर मेसेज आला की ५ सप्टेंबरला क्लास टीचरसाठी थँक्यू चिठ्ठी आणा, पोरानं सांगायची अन् आईबाबांनी लिहायची. मी वही घेऊन बसली, विचारलं मॅडम का आवडतात, तर म्हणे "आवडतात." अजून सांग म्हटलं तर "तुम्ही छान शिकवता", हे तर मोठ्या भावाच्या भाषणातलं घोटलेलं वाक्य! सोडून दिलं. रात्री शेंगा सोलून राहिलो होतो तेव्हा सहज विचारलं, डब्बा खाताना मॅडम कुठं बसते वं? मग जी सुटली बाप्पा. लिहिलं ते असं:

"मॅडम, तुमी माह्या डब्याचं झाकन उघडून देता. ते लयच घट्ट रायते. वीज कडाडली तं तुमी खिडकी लावली. तान्ह्या पोळ्याचा माहा नंदी तुमी टेबलावर बसू देला. तो पडला नाई. थँक्यू."

झाकण घट्ट आहे हे मला घरी माहीतच नव्हतं. तुमच्याकडं काय झालं?

पोट्ट्याचा बाप
इतकं काऊन करता? मोबाईलवर बोलू द्यायचं, व्हॉइस टायपिंग लावायचं, दोन मिनिटांत काम. मी तसंच केलं. फक्त "मॅडम मले" चं मोबाईलनं भलतंच काहीतरी टाईप केलं, ते मी नीट करून दिलं आणि "आपल्या अनमोल मार्गदर्शनाबद्दल आभारी आहोत" एवढं खाली जोडलं.

निवृत्त बालवाडीताई
दादा, रेकॉर्डिंगचं बरोबर आहे, पोरगं पेनाच्या पुढं पळते तेव्हा कामी येते. पण त्याला लगेच ऐकवू नका, स्वतःचा आवाज ऐकला की ते नाटकं करायला लागते. अन् अनमोल मार्गदर्शन वाचलं की मॅडमला एका नजरेत समजते, हे बापानं लिहिलं.

सेलूच्या ताईंचा पहिला प्रश्न फसला कारण "का" चं उत्तर चार-पाच वर्षांच्या पोराला जमत नाही. त्याला हातानं केलेलं आठवते, म्हणून विचारायचं की मॅडम सकाळी आल्या आल्या काय करतात, तू रडला तेव्हा काय केलं. अजून एक, तोच प्रश्न दोनदा विचारू नका, पोराला वाटते पहिलं उत्तर चुकलं अन् ते बदलून टाकते, मग खरं कोणतं तुम्हालाच समजत नाही.

लिहिताना पोराला बाजूला बसवा, शब्द तोंडानं म्हणत म्हणत लिहा, म्हणजे आपण बोललो ते कागदावर उतरून राहिलं हे त्याला दिसते. मग बोट फिरवत वाचून दाखवा. इथंच मजा असते, माझ्याकडं एक पोरगं म्हणे "असं नाई, मी रडलो नव्हतो, बंड्या रडला होता", आईनं तिथंच खोडून लिहिलं. ती खाडाखोड तशीच राहू द्यायची. चार-पाच वाक्यं झाली, पोरगं खिडकीबाहेर पाहू लागलं की बस. खाली सही म्हणून नाव येत असेल तर नाव, नाहीतर गिरगोटा.

शब्दप्रेमी
ताई, मान्य, पण "मले", "देला" असं लिहून दिलं तर पोराची भाषा कधी सुधारणार? शाळेच्या कागदावर तरी प्रमाण मराठी हवी.

निवृत्त बालवाडीताई
आपण "मला छान वाटते" वाचलं की ते म्हणते हे मी नाही बोललो, अन् ते खरंच आहे. पोरगं अजून वाचत नाही, त्याच्यासाठी कागद म्हणजे त्याचं बोलणं. पुढं वाचायला लागलं की पुस्तकातली मराठी येईलच.

काकाजी आर्वी
नातवाला दोन मिनिटांचं भाषण हवं आहे, राधाकृष्णन यांच्यावर. कोणी टाकता का?

सेलूची आई
काकाजी, इथं चिठ्ठीचं सुरू आहे 😀 पण ५ सप्टेंबर त्यांचा वाढदिवस अन् १९६२ पासून शिक्षक दिन, इथून सुरू करा.

पांढरकवड्याजवळून
आमचं वेगळं आहे. घरी कोलामी बोलतो, पोरगी अर्धं कोलामीत सांगते अन् अर्धं मराठीत. मी सगळं मराठीत करून लिहिलं, वाचून दाखवलं तर तिनं कागदच हिसकला. मग तिची वाक्यं तशीच देवनागरीत लिहिली, खाली मराठी अर्थ. मॅडमला कोलामी येत नाही, त्यांनी पोरीलाच म्हणायला लावलं, अन् पोरगी वर्गात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. पण दरवर्षी असं करावं की नाही, घरात एकमत नाही. तिची आजी म्हणते शाळेत मराठीच असू द्या.

पोट्ट्याचा बाप
ताई, एक विचारायचं राहिलं. रेकॉर्डिंगमध्ये शेवटी पोट्टं म्हणते, "तुमी मले मागं काऊन बसोता? मले फळा दिसत नाई." हे मी गाळलं होतं. थँक्यूच्या चिठ्ठीत तक्रार कशी लिहावं?

निवृत्त बालवाडीताई
मी असती तर ठेवलं असतं.

शब्दप्रेमी
मी नसतं ठेवलं. सणाच्या दिवशी मॅडमला काय वाटेल?

सेलूची आई
चिठ्ठीत लिहा नाहीतर नका लिहू, पण पोराचे डोळे आधी तपासून घ्या भाऊ.