३०२ चा इसार: दोन लाख की बारा लाख?

सेक्रेटरी (ए-१०१): सर्वांना विनंती. ३०२ चे होणारे मालक काल पुन्हा वॉचमनवर ओरडले. पार्किंग हवं, मेंटेनन्सचं बिल त्यांच्या नावाने हवं. सावंत, हा विषय आता मिटवा. मी दर आठवड्याला ऐकून घेणार नाही.

सावंत (बी-३०२): तो मालक नाही. व्यवहार मोडलाय. बँकेने त्याचं कर्ज नाकारलं, मुदत संपली. मी बारा लाख जप्त केलेत.

पाटील (ए-१०४): बरोबर केलंत. इसार बुडतो तो बुडतोच.

जोशी काकू (बी-२०२): आणि माझ्या छताची गळती? ती ३०२ चीच आहे. मालक कोण ते ठरेपर्यंत मी बादली लावून बसू का?

मनीषाताई, वकील (बी-५०१): काकू, मालक सावंतच, गळतीही त्यांच्याकडेच. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे त्यातून फ्लॅटमध्ये हक्क निर्माण होत नाही. मालकी जाते ती नोंदणी झालेल्या खरेदीखताने. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून सेक्रेटरींनी बिल सावंतांच्या नावाने ठेवलं ते योग्यच.

जोशी काकू: सावंत, वाचलंत ना? प्लंबर उद्या पाठवा.

सावंत: पाठवतो. पण काकू, मागच्या वर्षी माझ्या बाथरूमची फरशी तुमच्याच सांगण्यावरून फोडली होती. तेव्हा गळती बंद झाली म्हणालात.

सेक्रेटरी: गळती वेगळी बोला, कृपया.

मनीषाताई: सावंत, बारा लाख कशाचे ते नीट सांगा. सगळा इसार होता का?

सावंत: सत्तर लाखांचा व्यवहार. आधी दोन लाखांची इसारपावती केली. मग साठेखत नोंदवलं तेव्हा दहा लाख घेतले. राहिलेले अठ्ठावन्न खरेदीखताच्या दिवशी.

पाटील: म्हणजे बारा. इसार बुडतो तो बुडतोच.

मनीषाताई: पाटील काका, इथेच गडबड होते. इसार म्हणजे शब्द पाळण्याची हमी. व्यवहार झाला तर तो किमतीत वळता होतो, खरेदीदाराने मोडला तर जातो. पण त्यानंतर किमतीपैकी दिलेली रक्कम हमी नसते. १९६३ च्या फत्तेचंद खटल्यात अगदी हाच प्रश्न होता: एक हजार इसार आणि किमतीपैकी चोवीस हजार. सर्वोच्च न्यायालयाने हजार ठेवू दिले, चोवीस हजार इसार मानले नाहीत. सावंत, जप्तीचं कलम जसंच्या तसं इथे टाका.

सावंत: "खरेदीदाराने ठरल्या मुदतीत उर्वरित रक्कम न दिल्यास इसाराची रक्कम जप्त होईल व करार संपुष्टात येईल." झालं, करार संपला ना?

मनीषाताई: आणि कर्ज नाकारलं तर काय, याबद्दल काही लिहिलंय का?

सावंत: नाही. तो तोंडी म्हणाला होता, कर्ज नक्की होईल.

मनीषाताई: मग कर्जाची जोखीम त्याची. दोन लाखांवर तुमचा दावा टिकतो, सत्तर लाखांत ती रक्कम वाजवीही आहे. "कर्ज न मिळाल्यास रक्कम परत" अशी ओळ असती तर तेही गेले असते. दहा लाख मात्र परत करावे लागतील. प्रत्यक्ष नुकसान झालं असेल तर ते पुराव्यानिशी मागा. सरसकट पैसे दाबून ठेवता येत नाहीत.

पाटील: पण सगळे असंच करतात. इसार बुडतो तो बुडतोच.

जोशी काकू: पाटील भाऊ, तिसऱ्यांदा झालं हे. आम्ही वाचतोय हो.

सावंत: ताई, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात? दहा लाख मी नव्या घरात भरले. आता कुठून आणू? दुसरा गिऱ्हाईक तयार आहे, त्याला विकून मोकळा होतो.

मनीषाताई: तुमच्याच बाजूने, म्हणून सांगते. साठेखत नोंदणीकृत आहे. नव्या गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील सर्च घेईल तेव्हा ते दिसेल आणि कर्ज अडेल. शिवाय जुना खरेदीदार खरेदीखत करून मागायला कोर्टात जाऊ शकतो, ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत. पैसे देण्याची तयारी त्याला दाखवावी लागेल आणि कर्ज नाकारल्यावर ते त्याला जड जाईल, पण दावा पडला तरी तुमची विक्री लटकते. त्याच्याशी बसून रद्दलेख करा, तो नोंदवा आणि त्यातच दोन लाख ठेवले, दहा परत दिले असं लिहा. नव्या गिऱ्हाइकाला आधी सगळं सांगा. त्याच्या पैशातून जुन्याचे दहा लाख रद्दलेखाच्या दिवशीच धनादेशाने द्या, म्हणजे कोणी अडून राहणार नाही.

सावंत: दोन लाख तो सोडेल असं वाटत नाही.

मनीषाताई: दहा लाख लगेच मिळत असतील तर सोडेल. कोर्टात वर्षं घालवण्यापेक्षा ते त्यालाही परवडतं.

सावंत: बघतो. रविवारी त्याला बोलावतो. ताई, तुम्ही थांबाल का?

मनीषाताई: थांबते. मूळ इसारपावती आणि साठेखत दोन्ही काढून ठेवा.

सेक्रेटरी: नोंदवलेल्या रद्दलेखाची प्रत ऑफिसात आल्यावरच नव्या व्यवहाराची एनओसी देईन. तोवर ३०२ चं पार्किंग कोणीही वापरू नये.